फ्लॅटचा ताबा 23 दिवस उशिरा मिळाला. भाड्यात वजावट कशी मागायची?

कातळसडा (धागाकर्ता)

रत्नागिरी शहरात 2 बीएचके भाड्याने घेतला आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार 11 महिन्यांचा, 1 जून ते 30 एप्रिल. ऑनलाइन नोंदणी 26 मे रोजी झाली. भाडं महिना 12,000, अनामत 50,000. त्याच दिवशी अनामत आणि जूनचं आगाऊ भाडं मिळून 62,000 बँकेतून मालकांच्या खात्यात भरले.

31 मे रोजी सामान घेऊन आलो तर आधीचे भाडेकरू आतच. ते 10 तारखेला गेले. मग मालकांनी रंगकाम काढलं, आणि पावसात ते लांबत गेलं. चावी मिळाली 24 जूनला. तोवर कुटुंब लॉजवर होतं, 900 रुपये रोज. सामान एका ओळखीच्यांच्या पडवीत ठेवलं, ते पुन्हा हलवायला टेंपो 3,500 आणि हमाली 1,500.

मालक म्हणतात, करार 1 जूनपासून आहे, भाडंही 1 जूनपासून. जुलैचं भाडं 5 तारखेपर्यंत द्यायचं आहे. घर सोडायचं नाही, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आहेत. फक्त हिशोब योग्य व्हावा एवढंच. किती मागता येईल आणि कसं मागावं?

कुडाळकर

माका वाटता, इचारूचा कित्याक? जुलैच्या भाड्यातून 23 दिवसांचे पैशे कापून घेवा आणि उरलेले पाठवा. राहिलासच नाय तर भाडा कसला?

नवी_सदनिका

महारेराकडे तक्रार करा. ताबा उशिरा दिला तर कलम 18 खाली व्याज मिळतं, स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर 2 टक्के. आमच्या इमारतीचा ताबा दीड वर्ष लांबला आहे, आम्ही तोच अर्ज केला आहे. मसुदा हवा असेल तर सांगा.

चिरेबंदी

नवी_सदनिका, तुमचा अर्ज तुमच्या जागी बरोबर आहे, पण तो विकत घेणाऱ्यांसाठी. रेरा कायद्यात 'अलॉटी'ची जी व्याख्या आहे, तिच्यातून भाड्याने घेणाऱ्याला स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. कातळसडा तिथे गेले तर अर्ज दाखलच होणार नाही.

कातळसडा, उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. एक, ताबा देण्याची तारीख करारात नेमक्या कुठल्या शब्दांत आहे? नोंदणीच्या साच्यात बहुतेक वेळा 'परवानाधारकास ताबा दिलेला आहे' असं छापूनच येतं आणि कोणी वाचत नाही. दोन, चावी घेताना ताबापावतीवर सही केली का, आणि तिच्यावर तारीख कोणती? तीन, चावी घेण्याच्या आधी किंवा त्याच दिवशी मालकांना पैशांबद्दल काही लेखी कळवलं होतं का? व्हॉट्सॲपही चालेल. चार, महिनाभर मालक काय सांगत होते, त्याचे मेसेज आहेत का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. का, ते नंतर लिहितो.

कातळसडा

1) करारात 'दि. 1 जूनपासून जागा वापरण्यास देण्यात येईल' असं आहे. 'दिलेला आहे' नाही.

2) ताबापावती मालकांनी आणली होती. त्यात 1 जून छापलं होतं. मी ते खोडून 24 जून लिहिलं आणि बाजूला सही केली. त्यांनीही केली. माझ्याकडे फोटो आहे.

3) 23 तारखेला रात्री मी मेसेज टाकला होता: 'चावी उद्या सकाळी घेतो. जूनच्या भाड्याचं आणि लॉजच्या खर्चाचं आपलं बोलणं बाकी आहे, ते राहिलेलं आहे असं समजावं.' दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

4) हो. 1, 5, 9 आणि 14 तारखेला 'दोन दिवसांत देतो', 'परवा नक्की', असे मेसेज आहेत.

एक सांगायचं राहिलं. 21 तारखेला ते म्हणाले होते की रंग झाला, चावी घ्या. पण आधीच्या भाडेकरूंनी बिल थकवल्यामुळे महावितरणने वीज तोडली होती. वीज 23 ला संध्याकाळी आली, म्हणून मी 24 ला गेलो. आता ते म्हणतात की उशीर धरायचाच तर 20 दिवसांचा धरा.

चिरेबंदी

2 आणि 3 वाचून बरं वाटलं. अशा भांडणात माणूस बहुतेक ताबापावतीवरच हरतो. चावी मिळाल्याच्या आनंदात 1 जूनच्या छापील तारखेखाली सही होते, आणि मग स्वतःच्याच सहीविरुद्ध बोलावं लागतं.

23 तारखेचा तो मेसेज जपून ठेवा. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्या गप्पांची पूर्ण निर्यात करून स्वतःला ईमेल करा, आणि मूळ फोन विकू नका. पुढे कुठे दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात ते 65-ब होतं.

सडेतोड

कलम 55 आहे ना? भाडेनियंत्रण कायद्यातलं. त्यात भाडेकरू म्हणेल तेच खरं धरतात. मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे तुम्ही 24 जून म्हणालात की विषय संपला.

वकील_जिल्हा_न्यायालय

सडेतोड, कलम आहे, पण तुम्ही त्याची अर्धीच बाजू सांगितलीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 सांगतं की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. इथे नोंदणी झालेली आहे. त्यामुळे ते कलम कातळसडांच्या कामाचं नाही.

गंमत अशी की त्यांच्या कामाचं कलमही 55 च आहे, पण भारतीय करार कायदा 1872 चं. लोक या दोघांत नेहमी गल्लत करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठरलेल्या वेळी काम झालं नाही तर काय, हे ते कलम सांगतं. त्यात दोन वाटा आहेत. ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असेल, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. वेळ गाभा नसेल, तर करार रद्द होत नाही, पण उशिराने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. मग तिसरा परिच्छेद येतो आणि पुष्कळ लोक तिथे अडकतात. करार रद्द करण्याचा हक्क असूनही तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर उशिराच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच: स्वीकारताना 'भरपाई मागणार आहे' असं समोरच्याला कळवलेलं असावं.

चिरेबंदींनी तिसरा प्रश्न विचारला तो यासाठी. चावी हातात घेतली म्हणजे काम स्वीकारलं. त्याआधी किंवा त्या क्षणी कळवलं असेल तर हक्क शाबूत राहतो. कातळसडांचा 23 तारखेचा मेसेज ते काम करतो. शब्द थोडे मोघम आहेत, 'भरपाई' हा शब्द नाही, पण भाडं आणि लॉज या दोन्हींचा उल्लेख आहे आणि विषय मिटलेला नाही हेही आहे. माझ्या मते पुरेसा आहे.

भाड्याच्या घरात वेळ हा गाभा धरायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. 1 जून तारीख लिहिली म्हणजे ती आपोआप गाभा ठरत नाही. तसं ठरलं नाही तर तिसरा परिच्छेद लागूच होत नाही, आणि भरपाईचा हक्क तसाही राहतो. म्हणजे मेसेज असल्यामुळे दोन्ही वाटांनी तुम्ही सुरक्षित आहात. ज्यांनी असा मेसेज टाकलेला नाही त्यांना मात्र कुठली वाट लागू होते यावर भांडावं लागतं.

कातळसडा

वकीलताई, धन्यवाद. म्हणजे 9,200 अधिक लॉजचे 20,700 अधिक 5,000, एकूण 34,900 मागू ना?

वकील_जिल्हा_न्यायालय

नाही. इथे हिशोबात चूक होते आहे, आणि ती समोरच्या वकिलाच्या लगेच लक्षात येईल.

साधा विचार करा. सगळं वेळेवर झालं असतं तर जूनमध्ये तुमच्या खिशातून किती गेले असते? भाड्याचे 12,000. प्रत्यक्षात किती गेले? भाडं 12,000, लॉज 900 गुणिले 23 म्हणजे 20,700, टेंपो-हमाली 5,000, एकूण 37,700. फरक 25,700. तुमचं नुकसान एवढंच.

त्या 23 दिवसांचं भाडं 9,200 परत घ्यायचं आणि लॉजचे पूर्ण 20,700 ही घ्यायचे, म्हणजे तुम्ही ते दिवस फुकट राहिलात असं होतं. डोक्यावर छप्पर ठेवायला तुमचे 9,200 कसेही जाणार होतेच. म्हणून मांडणी अशी करा:

23 दिवसांचं भाडं परत: 400 × 23 = 9,200
लॉजचा जास्तीचा खर्च: 20,700 − 9,200 = 11,500
दुसऱ्यांदा टेंपो आणि हमाली: 5,000
एकूण: 25,700

रोजचा दर काढताना 12,000 भागिले 30 घेतलं आहे, कारण जून 30 दिवसांचा. 31 दिवसांच्या महिन्यात दर थोडा वेगळा येतो. मागणीत ते लिहून टाका, नाहीतर त्यावरच आठवडा जातो.

चिरेबंदी

ताईंच्या हिशोबात माझी एक भर. पहिली रक्कम आणि बाकीच्या दोन या वेगवेगळ्या स्वभावाच्या आहेत, त्या एकाच दमात मागू नका.

9,200 ही खरं तर भरपाई नाहीच. परवाना शुल्क, म्हणजे अशा करारातलं भाडं, हे जागा वापरू देण्याबद्दल असतं. जागा वापरायला दिलीच नाही, तर त्या दिवसांचं शुल्क कशाबद्दल? इथे मालकांकडे उत्तर नाही, आणि बहुतेक मालक दोन-तीन फोननंतर हे मान्य करतात. 16,500 मात्र भरपाई आहे. तिथे पावत्या लागतात, आणि नुकसान कमी ठेवण्याचा तुम्ही प्रयत्न केलात का, हा प्रश्न येतो. करार कायद्याच्या कलम 73 खाली तो विचारतातच.

तो प्रश्न असा येईल: 23 दिवस लॉजवर कशाला राहिलात, महिनाभराची खोली का नाही घेतलीत? यावर उत्तर म्हणजे मालकांचे ते चार मेसेज. 'परवा नक्की' असं चार वेळा सांगितलं जात असताना कोणी महिन्याची खोली घेणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी 'महिना लागेल' असं सांगितलं असतं, तर 900 रुपये रोजाने 23 दिवस राहण्याचं समर्थन करणं अवघड गेलं असतं. म्हणून ते मेसेज तारखेसकट मागणीपत्राला जोडा.

लॉजचं बिल जीएसटीसह, तुमच्या नावाचं, तारखांचं घ्या. टेंपोवाल्याकडून साध्या कागदावर सही करून पावती घेतली तरी चालेल, पण गाडीचा नंबर आणि कुठून कुठे ते लिहून घ्या. पैसे यूपीआयने दिले असतील तर उत्तमच.

भाड्याचे_घर_मालक

जरा मालकाची बाजूही बघा. आधीचा भाडेकरू मुदत संपूनही निघत नसेल तर आम्ही काय करणार? त्याला बाहेर काढायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, महिने जातात. यात मालकाचा दोष काय? पाऊसही मालकाच्या हातात नाही.

वकील_जिल्हा_न्यायालय

तुमची अडचण खरी आहे. पण नव्या भाडेकरूचा करार तुमच्याशी आहे, जुन्या भाडेकरूशी नाही. जुना अडून बसला तर त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने शुल्क मागता येतं. तो तोटा नव्या माणसाच्या अंगावर ढकलता येत नाही.

कोकणात जूनमध्ये पाऊस येणार हे अघटित नाही. करार पाळणं अशक्य झालं असं म्हणायला काही खरंच अशक्य घडावं लागतं. रंग वाळत नाही हे त्यात बसत नाही.

कातळसडांच्या प्रकरणात आणखी एक मुद्दा आहे. 26 मे रोजी करार नोंदवताना आधीचे भाडेकरू आत होते हे मालकांना माहीत होतंच. तरी त्यांनी 1 जून लिहिलं. मालकांना एवढंच सांगेन, जागा रिकामी होण्याआधी करार करायचा असेल तर त्यात स्पष्ट लिहा: 'जागा रिकामी मिळाल्याच्या तारखेपासून शुल्क सुरू होईल, जास्तीत जास्त अमुक तारखेपर्यंत. त्यापुढे गेल्यास परवानाधारकाला अनामत परत घेऊन करार सोडता येईल.' हे एक वाक्य असतं तर हा धागाच निघाला नसता.

भाड्याचे_घर_मालक

हे वाक्य चांगलं आहे. उतरवून घेतलं.

रंगाचा_डबा

विषय पैशांचा आहे, पण 10 जूनला आत शिरून 21 तारखेला रंग पूर्ण, हे वाचून मला भिंतींची काळजी वाटली. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने ओल येत असताना आत पुट्टी आणि रंगाचे हात घाईने मारले, तर भिंत वाळायला वेळच मिळत नाही. आतली ओल अडकते, गणपतीच्या सुमारास खिडकीखाली फुगे येतात, मग पापुद्रे निघतात, कडेला पांढरी खार दिसते. कपाटामागे बुरशी धरते.

आज हाताने भिंत चाचपा, विशेषतः पश्चिमेच्या आणि न्हाणीघराला लागून असलेल्या. गार आणि दमट लागली किंवा रंगाला अजून वास येत असेल तर तारीख दिसेल असे फोटो काढा आणि मालकांना पाठवून ठेवा. नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये 'तुमच्या काळात भिंती खराब झाल्या' म्हणून अनामतीतून कापतील. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

कातळसडा

पश्चिमेच्या भिंतीचे फोटो आत्ताच काढले. खिडकीखाली खरंच गार लागते आहे.

20 की 23 दिवस, यावर काय म्हणाल?

चिरेबंदी

माझ्या मते 23. वीज नसलेलं घर हे कुटुंबाला राहण्यासारखं घर नाही, पंपाचं पाणीसुद्धा विजेवरच चढतं. आणि थकबाकी तुमची नव्हती.

सडेतोड

मी इथे मालकाच्या बाजूने. 21 ला चावी देऊ केली, ती घेतली नाही हे भाडेकरूने ठरवलं. सामान तरी आत ठेवता आलं असतं.

वकील_जिल्हा_न्यायालय

यावर ठाम उत्तर देणार नाही. करारात वीज आणि पाण्याच्या जोडणीसह जागा असं लिहिलं असेल तर 23 ची बाजू भक्कम आहे. नुसतं 'सदनिका' लिहिलं असेल तर वाद होईल. तीन दिवसांचे भाड्याचे 1,200 होतात. तोडगा निघत असेल तर या 1,200 वर अडून बाकीचं घालवू नका.

त्यातून एक काम निघतं, ते आजच करा. मीटरचा 24 तारखेचा आकडा काढलेला नसेल तर आजचा फोटो काढून मालकांना पाठवा. पहिल्या बिलात रंगाऱ्यांच्या वापराचे आणि पुन्हा जोडणीचे पैसे येतील, कदाचित जुनी थकबाकीही असेल. ते तुमच्या माथी येऊ नयेत.

कुडाळकर

वकीलताई, मी सुरवातीक म्हटलंलय तसा कापून घेतला तर काय बिघडता? 9,200 तर सगळे मान्य करतत.

वकील_जिल्हा_न्यायालय

बिघडतं ते असं. करारात बहुतेक वेळा अट असते की शुल्क थकल्यास मालक परवाना संपवू शकतो. तुम्ही 2,800 पाठवलेत तर त्यांच्या नोंदीत जुलैचे 9,200 थकीत दिसतील. तुमची बाजू न्याय्य असली तरी आता उशीर कोणाचा, या प्रश्नात तुम्हीही ओढले जाता. दोन महिने तसं झालं तर त्यांना हवं ते निमित्त मिळतं.

मी सहसा सांगते की आधी लेखी संमती घ्या, एका ओळीची असली तरी. ती मिळत नसेल तर जुलैचं पूर्ण 12,000 भरा आणि सोबत लिहा, 'हक्क राखून भरणा'. मग 9,200 ची मागणी वेगळी चालू ठेवा.

चिरेबंदी

इथे माझं ताईंशी जुळत नाही. पूर्ण रक्कम भरली की मालकांची घाई संपते. ज्यांच्याकडे आधीच 50,000 अनामत आहे ते 9,200 परत करायला कशाला पुढे येतील? मी म्हणेन, 1 जुलैला हिशोबाचं पत्र द्या, 5 तारखेपर्यंत हरकत कळवा म्हणा, आणि हरकत आली नाही तर त्या पत्राचा हवाला देऊन 2,800 भरा. फक्त 9,200 च, लॉजचा एक रुपयाही स्वतःहून कापायचा नाही. हरकत आली तर मात्र ताई म्हणतात तसं करा.

वकील_जिल्हा_न्यायालय

करारातली थकबाकीची अट वाचल्याशिवाय मी ते सांगणार नाही. ज्याचा त्याचा अंदाज.

चिरेबंदी

पत्राचा मसुदा देतो. छोटाच ठेवा. स्पीड पोस्टने पाठवा, आणि तोच व्हॉट्सॲपवरही.

> दि. 26 मे रोजी नोंदवलेल्या आपल्यातील करारानुसार सदर सदनिका मला दि. 1 जूनपासून वापरण्यास देण्याचे ठरले होते. प्रत्यक्ष ताबा मला दि. 24 जून रोजी मिळाला, तसे उभयतांच्या सहीच्या ताबापावतीवर नमूद आहे. भरपाईबाबतचे माझे म्हणणे मी दि. 23 जून रोजी आपणांस लेखी कळवले होते.
>
> दि. 1 ते 23 जून या 23 दिवसांचे शुल्क दरदिवशी रु. 400 प्रमाणे रु. 9,200 होते. जूनचे पूर्ण शुल्क रु. 12,000 मी आगाऊ भरलेले आहे. ही रु. 9,200 ची रक्कम जुलैच्या शुल्कात वळती करण्यास आपली संमती दि. 5 जुलैपर्यंत लेखी कळवावी.
>
> या काळात निवासाचा जादा खर्च रु. 11,500 व सामान हलविण्याचा खर्च रु. 5,000 झाला आहे. पावत्या सोबत जोडल्या आहेत. या रकमेबाबत आपल्या सोयीने बैठक ठरवावी. या पत्रामुळे माझा कोणताही हक्क सोडला जात नाही.

मुद्दाम दोन परिच्छेद वेगळे ठेवले आहेत. पहिल्यावर हो म्हणणं त्यांना सोपं जावं आणि दुसऱ्याच्या वादात पहिलं अडकू नये.

कातळसडा

मालकांचा फोन येऊन गेला. पत्र अजून पोस्टात टाकलेलं नाही, पण व्हॉट्सॲपवर मसुदा वाचला. म्हणाले, 20 दिवसांचे 8,000 वळते करतो. लॉजचे पैसे देणार नाहीत, पण त्याऐवजी करार 23 दिवस पुढे वाढवतो, म्हणजे 30 एप्रिलऐवजी 23 मे पर्यंत राहा. हे घ्यावं का?

चिरेबंदी

मुदतवाढ ऐकायला छान वाटते. पण त्या 23 दिवसांचं भाडं घेणार आहेत की नाही, हे आधी विचारा. भाडं घेणार असतील तर त्यांनी तुम्हाला काहीच दिलेलं नाही, उलट त्यांची जागा भरलेली राहते. भाडं न घेता देत असतील तर रोज 400 च्या दराने त्याची किंमत 9,200 होते, आणि ती लॉजच्या 11,500 च्या जवळ जाते. मग विचार करण्यासारखं आहे.

दुसरं, नुसत्या शब्दावर मुदत वाढत नाही. नोंदलेल्या कराराची शेवटची तारीख 30 एप्रिल आहे, ती सरकारी नोंदीत तशीच राहते. वाढवायची तर नवा नोंदणीकृत दस्त हवा, शहर हद्दीत नोंदणी फी 1,000 आणि वर मुद्रांक शुल्क. तसा दस्त न करता 1 मे नंतर राहिलात तर कागदावर तुम्ही मुदत संपलेले भाडेकरू ठरता, आणि वर ताईंनी सांगितलेला दुप्पट दर तुमच्यावर येऊ शकतो. आज भलेपणाने बोलणारे मालक मेमध्ये तेच असतील, पण कागद त्यांच्या वारसांच्या किंवा वकिलांच्याही हातात पडतो.

मी असतो तर 8,000 ची संमती लगेच लेखी घेतली असती, 'उर्वरित मुद्दे खुले ठेवून' हे चार शब्द टाकून. लॉजच्या बदल्यात मुदतवाढीऐवजी मेचा अर्धा महिना बिनभाड्याचा असं नव्या करारातच लिहून घेता येतं का, ते बघा.

वकील_जिल्हा_न्यायालय

'उर्वरित मुद्दे खुले' हे नक्की टाका. 'हिशोब पूर्ण व अंतिम' असे शब्द असलेल्या कशावरही सही करू नका, 8,000 घेताना तर मुळीच नाही.

लॉजच्या रकमेवर एकमत झालं नाही तर दिवाणी दाव्यात जायच्या आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करा. दोघांना बोलावून लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. मर्यादा एवढीच, समोरचा आलाच नाही तर त्याला तिथे ओढून आणता येत नाही. 16,500 साठी दावा लावण्यात वकिलाचा खर्च बघता फारसा अर्थ नाही, तरी मुदत 3 वर्षांची आहे. घाई नाही, कागद मात्र आत्ताच जमवा.

नवी_सदनिका

एक शंका. पगारातून घरभाडे भत्त्याची सवलत घेत असाल तर जूनची पावती किती रुपयांची घ्यायची?

चिरेबंदी

चांगला प्रश्न. जूनचे 12,000 भरलेत, ती पावती 12,000 चीच. वजावट जुलैत झाली तर जुलैची पावती प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची घ्यायची, 4,000 किंवा 2,800, जे ठरेल ते. दोन्ही महिन्यांच्या पूर्ण पावत्या घेऊन कार्यालयात देऊ नका. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर जातं आहे म्हणून मालकांचा पॅन द्यावा लागेल, तो आत्ताच मागून ठेवा.

कातळसडा

8,000 ची संमती व्हॉट्सॲपवर आली, 'उर्वरित मुद्दे खुले' यासह. जुलैचे 4,000 आज पाठवले. लॉजचे पैसे आणि त्या तीन दिवसांवर रविवारी समोरासमोर बसायचं ठरलं आहे. बिनभाड्याच्या अर्ध्या महिन्याचं तिथेच काढतो. मीटरचा आणि पश्चिमेच्या भिंतीचे फोटो आज सकाळी पाठवले, दोन्हींवर फक्त अंगठा आला.

रंगाचा_डबा

अंगठा म्हणजे बघितलं. तोही निर्यात करून ठेवा.